फुगलेलं हृदय सावरतं तेव्हा

जुलै १९९५. लंडनजवळच्या हेअरफील्ड रुग्णालयात मॅग्दी याकूब या हृदयशल्यविशारदांनी वेल्समधल्या दोन वर्षांच्या एका मुलीवर शस्त्रक्रिया केली. ती तान्ही असतानाच तिचं हृदय फुगून दुबळं झालं होतं. प्रत्यारोपण करताना एरवी जुनं हृदय काढून टाकतात. याकूब यांनी ते जागेवरच ठेवलं आणि पाच महिन्यांच्या बाळाचं, दात्याकडून मिळालेलं हृदय त्याच्या शेजारी जोडून दिलं. पुढची दहा वर्षं त्या मुलीच्या छातीत दोन हृदयं धडधडत होती.

मग नवंच संकट आलं. परकं हृदय शरीराने स्वीकारावं म्हणून तिला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू होती. त्यांच्यामुळे तिला लसिका ग्रंथींचा कर्करोग झाला. त्यासाठी ती औषधं कमी केली, तर शरीर दात्याचं हृदय नाकारू लागलं. पण तोवर तिचं स्वतःचं, कधीकाळी निकामी ठरलेलं हृदय व्यवस्थित काम करू लागलं होतं. फेब्रुवारी २००६ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात दात्याचं हृदय काढून टाकलं गेलं. २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिची हकिकत प्रसिद्ध झाली, तेव्हा ती स्वतःच्या हृदयावर धडधाकट जगत होती.

अशी शस्त्रक्रिया फार थोड्यांच्या वाट्याला येते. पण या प्रकरणातून दिसलेली गोष्ट हजारो रुग्णांना लागू पडते. फुगलेल्या हृदयाचा सगळाच स्नायू मेलेला नसतो. त्यातला बराचसा थकलेला, मार खाल्लेला असतो. मार थांबला, भार हलका झाला आणि वेळ मिळाला, तर तो पुन्हा उभा राहू शकतो.

या आजाराचं नाव डायलेटेड कार्डिओमायोपथी. हृदयाचा डावा खालचा कप्पा शरीरभर रक्त ढकलतो. या आजारात तो रुंदावतो आणि त्याचं आकुंचन क्षीण होतं. हार्ट अटॅकने, गळक्या झडपेने किंवा वर्षानुवर्षांच्या रक्तदाबानेही हृदय फुगतं, पण ती कारणं वगळूनच हे नाव दिलं जातं. म्हणून हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत की नाहीत, हे अँजिओग्राफीने किंवा सीटी स्कॅनने आधी पाहावं लागतं.

टू-डी इकोचा रिपोर्ट हातात पडला की घरचे पहिला प्रश्न विचारतात, ‘पंपिंग किती आहे?’ आणि ‘२५ टक्के’ ऐकून हबकतात. हा आकडा नेमका कशाचा, हे समजून घ्यायला हवं. निरोगी माणसाचा डावा कप्पा भरतो तेव्हा त्यात साधारण १२० मिलिलिटर रक्त असतं. एका ठोक्यात त्यातलं ७० मिलिलिटर बाहेर पडतं, म्हणजे ५८ टक्के. या आकड्याला इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात आणि तो साधारण ५५ ते ७० असला की हृदय उत्तम आहे असं समजायचं. शंभर टक्के कुणाचंच नसतं. आता फुगलेलं हृदय घ्या. त्यात २५० मिलिलिटर रक्त मावतं आणि ठोक्याला ६० मिलिलिटर बाहेर पडतं. टक्केवारी २४ झाली, पण बाहेर पडलेलं रक्त पूर्वीपेक्षा फारसं कमी नाही. कप्पा रुंद करून हृदयाने तूट भरून काढलेली असते. म्हणूनच कित्येकांना महिनोन् महिने काही जाणवत नाही.

ही भरपाई महागात पडते. कप्पा जितका रुंद आणि भिंत जितकी पातळ, तितका प्रत्येक ठोक्याला स्नायूवर ताण जास्त. शिवाय रक्त कमी येतंय असं वाटून शरीर रक्तस्राव झाल्यासारखं वागू लागतं. अ‍ॅड्रेनलिनसारखी संप्रेरकं वाढतात आणि नाडी पळू लागते. मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात. जखमी माणसाला यातून चार तासांचा जीव मिळतो, पण दुबळ्या हृदयावर हाच मारा महिनोन् महिने चालू राहतो. मूळ इजा थांबली तरी हे चक्र हृदयाला आणखी फुगवत नेतं. औषधांचं काम मुख्यतः हे चक्र तोडायचं आहे.

मूळ इजा कशाने होते, याचा शोध दारूपासून सुरू करावा लागेल, कारण त्याला जुना इतिहास आहे. १८८४ मध्ये म्युनिकमधले विकृतिशास्त्रज्ञ ओटो बोलिंगर यांनी शवविच्छेदनांत सापडणाऱ्या फुगलेल्या हृदयांचं वर्णन ‘बिअरचं हृदय’ या नावाने केलं. त्या शहरात तेव्हा माणशी वर्षाला सरासरी ४३२ लिटर बिअर प्यायली जात होती. पुढे १९६५-६६ मध्ये कॅनडातल्या क्विबेक शहरात बिअर रिचवणारे पुरुष अचानक हृदयविकाराने कोसळू लागले. सुमारे ५० जणांना आजार झाला आणि त्यांपैकी २० दगावले. बिअरचा फेस टिकावा म्हणून तिच्यात कोबाल्टचं क्षार मिसळलं जात होतं, असं तपासात निघालं. ते बंद झालं आणि नवे रुग्णही थांबले. पण कोड्याचा एक भाग उरलाच. रक्तक्षयाच्या रुग्णांना त्या काळी औषध म्हणून याहून कितीतरी जास्त कोबाल्ट दिलं जात असे आणि त्यांची हृदयं अशी कोसळत नव्हती. क्विबेकमध्ये दारू, निकृष्ट आहार आणि कोबाल्ट यांचा एकत्रित मारा बसला होता.

दारूच्या बाबतीत हे सूत्र पुन्हा पुन्हा दिसतं. अल्कोहोल आणि ते पचताना तयार होणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड ही दोन्ही हृदयाच्या पेशींना थेट विषारी आहेत. पेशींमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा त्यांनी बिघडते, आकुंचनासाठी लागणाऱ्या कॅल्शियमची ये-जा विस्कटते. दिवसाला ८० ग्रॅमहून जास्त शुद्ध अल्कोहोल आणि तेही पाच वर्षांहून अधिक काळ, ही धोक्याची ढोबळ रेषा डॉक्टर मानतात. आपल्याकडच्या बाटल्यांत तिचा हिशेब असा. व्हिस्की-रमची १८० मिलिलिटरची क्वार्टर ४२.८ टक्क्यांची असते, तिच्यात सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल जातं. म्हणजे रोज एक क्वार्टर आणि वर एक लार्ज पेग घेणारा माणूस ही रेषा गाठतो. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या दोन बाटल्याही तिथेच पोचवतात.

तरीही इतकी पिणाऱ्यांतल्या बहुतेकांचं हृदय फुगत नाही, काहींचंच फुगतं. याचा एक खुलासा २०१८ मध्ये आला. टायटिन नावाचं एक प्रचंड मोठं प्रथिन हृदयस्नायूच्या तंतूंना स्प्रिंगसारखा ताण देतं. दारूमुळे हृदय फुगलेल्या दहांतल्या साधारण एका रुग्णात या प्रथिनाचं जनुक तुटलेलं आढळलं. निरोगी लोकांत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास असतं. डायलेटेड कार्डिओमायोपथीच्या एकूण रुग्णांत तर १५ ते २० टक्क्यांमध्ये हाच दोष सापडतो. असं जनुक घेऊन जन्मलेला माणूस आयुष्यभर ठणठणीत राहू शकतो, पण त्यावर दारूचा मारा बसला तर हृदयाचा टिकाव लागत नाही. ‘दारूने झालं’ आणि ‘घराण्यातून आलं’ ही दोन्ही उत्तरं एकाच रुग्णाबाबत खरी असू शकतात.

विषाणूंची वाट वेगळी आहे. सर्दी-ताप किंवा जुलाब होऊन जातात आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी छातीत दुखू लागतं किंवा दम लागतो. कॉक्सॅकी बी गटातले विषाणू, अ‍ॅडिनोव्हायरस, इन्फ्लुएन्झा, पार्व्होव्हायरस आणि अलीकडे कोविडचा विषाणू, हे हृदयाच्या स्नायूला सूज आणू शकतात. या सुजेला मायोकार्डायटिस म्हणतात. कॉक्सॅकीचा हल्ला सूक्ष्म पातळीवर चांगला अभ्यासला गेला आहे. पेशीत शिरलेला विषाणू एक कापणारं विकर तयार करतो आणि ते डिस्ट्रोफिन हे प्रथिन तोडतं. याच प्रथिनाच्या अभावी काही मुलग्यांना लहानपणापासून स्नायू झिजण्याचा आजार होतो. डिस्ट्रोफिन तुटलं की आकुंचनाचा जोर पेशीच्या बाहेरपर्यंत पोचत नाही. त्यापाठोपाठ विषाणूला मारायला आलेल्या प्रतिकारपेशी आजूबाजूचा स्नायूही जायबंदी करतात. विषाणू नाहीसा झाला तरी काहींमध्ये ही सूज धुमसत राहते.

मायोकार्डायटिस झालेल्यांपैकी निम्मे लोक दोन ते चार आठवड्यांत सावरतात. साधारण चौघांपैकी एकाचं हृदय मात्र दुबळंच राहतं आणि काहींची प्रकृती झपाट्याने ढासळते. ही सूज असताना व्यायाम घातक ठरू शकतो, म्हणून तीन ते सहा महिने धावणं, जिम, खेळ सगळं बंद ठेवायला सांगतात. सूज म्हटल्यावर स्टेरॉइड द्यावंसं वाटतं. पण १९९५ मध्ये अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या उपचारांचा सरसकट फायदा दिसला नाही. त्यामुळे ते काही ठरावीक प्रकारांतच दिले जातात.

आणखी काही कारणं इथे नोंदवायलाच हवीत, कारण ती वेळीच सापडली तर हृदय बऱ्याचदा पूर्वपदावर येतं. न जेवता पिणाऱ्यांमध्ये ब१ जीवनसत्त्व संपतं आणि त्याची इंजेक्शनं मिळाली की काही दिवसांतच फरक पडतो. तान्ह्या बाळांमध्ये ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम फार कमी पडल्याने हृदय फुगतं. ते भरून निघालं की सावरतं. नाडी आठवडेच्या आठवडे अकारण १२०-१३० च्या वर पळत राहिली तरी हृदय थकून फुगतं. तिची लय दुरुस्त केली की आकार कमी होतो. बाळंतपणाच्या सुमारास होणाऱ्या प्रकारातही अनेक स्त्रियांचं हृदय पूर्ण सावरतं.

हे सगळं प्रत्यक्षात कसं घडतं, ते एका प्रातिनिधिक उदाहरणावरून पाहू. समजा, सांगलीकडचा ४४ वर्षांचा ट्रान्सपोर्टचा धंदा करणारा माणूस आहे. महिनाभर खोकला आहे. खोकल्याची दोन औषधं संपली, उपयोग नाही. जिना चढताना दम लागतो. रात्री आडवं झालं की जीव घुसमटतो, म्हणून दोन उशा लागतात. संध्याकाळी चपलेचा पट्टा पावलात रुततो. हे शेवटचे दोन तपशील ऐकले की खोकला छातीचा नसून हृदयाचा असावा, अशी शंका यायला हवी. एक्स-रेत हृदयाची सावली मोठी दिसते. टू-डी इकोत डाव्या कप्प्याचा व्यास ६.६ सेंटिमीटर भरतो, जो एरवी साडेपाचच्या आत असतो. पंपिंग २२ टक्के. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या स्वच्छ निघतात. दारूबद्दल तो ‘कधीमधी’ म्हणतो. बायको बाहेर डॉक्टरांना सांगते, ‘रोज हाफ लागते, बारा वर्षं झाली.’ हाफ म्हणजे ३७५ मिलिलिटर, म्हणजे जवळपास १२७ ग्रॅम अल्कोहोल.

त्याला दाखल करून घेण्यामागे हृदयाइतकंच दारू सोडण्याचंही कारण आहे. इतकी वर्षं पिणाऱ्याने घरीच एका झटक्यात बंद केली तर दोन-तीन दिवसांत थरथर, भास, झटके येऊ शकतात आणि दुबळ्या हृदयाला तो ताण झेपत नाही. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली, त्यासाठीची औषधं आणि ब१ जीवनसत्त्व देऊन ती सोडवली जाते. लघवीवाटे पाणी काढणाऱ्या इंजेक्शनांनी आठवड्यात त्याचं वजन सहा किलोंनी उतरतं. ते सगळं साठलेलं पाणी होतं. घरी जाताना त्याला वजनकाटा घ्यायला सांगतात. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करायचं आणि तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा. पापड, लोणचं, फरसाण बंद.

खरा उपचार गोळ्यांचा. आज चार प्रकारची औषधं एकत्र दिली जातात. एक प्रकार रक्तवाहिन्या सैल करतो आणि शरीराची मीठ धरून ठेवण्याची यंत्रणा आवरतो. दुसरा बीटा ब्लॉकर, तिसरा अ‍ॅल्डोस्टेरॉन या संप्रेरकाला अडवणारा. चौथा मूळचा मधुमेहावरचा, पण मधुमेह नसलेल्यांच्या हृदयालाही उपयोगी ठरलेला. यांतल्या बीटा ब्लॉकरची कहाणी मोलाची आहे. हे औषध हृदयाचा जोर कमी करतं, म्हणून दुबळ्या हृदयाला ते देणं चूक, असं वैद्यकशास्त्र शिकवत होतं. १९७५ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या फिन वागस्टीन आणि सहकाऱ्यांनी असं हृदय असलेल्या, नाडी पळणाऱ्या सात रुग्णांना ते देऊन पाहिलं आणि त्यांची प्रकृती सुधारली. हे सर्वमान्य व्हायला वीसहून अधिक वर्षं लागली. आज कार्व्हेडिलॉलची सुरुवात ३.१२५ मिलिग्रॅमच्या गोळीने होते, दिवसातून दोनदा. मग दर दोन आठवड्यांनी मात्रा दुप्पट करत साधारण २५ मिलिग्रॅमपर्यंत जायचं असतं. सुरुवातीला थकवा येतो, रक्तदाब उतरतो. कित्येक रुग्ण याच टप्प्यावर गोळी सोडतात किंवा डॉक्टर लहान मात्रेवरच थांबतात, आणि हृदयाला जे मिळायचं ते मिळत नाही.

आपल्या उदाहरणातल्या माणसाचं पंपिंग तीन महिन्यांनी ३४ वर येतं, वर्षाने ५१ वर, आणि व्यास ५.६ सेंटिमीटरवर. असं प्रत्येकाचं होत नाही. अमेरिकेत नव्यानेच आजार झालेल्या ३७३ रुग्णांचा पाठपुरावा झाला, तेव्हा सरासरी पंपिंग सहा महिन्यांत २४ वरून ४० वर गेलं आणि सुमारे पाव रुग्णांचं ५० च्या पुढे. कोण सावरणार, याचा अंदाज काही खुणांवरून येतो. आजार ताजा असला आणि थांबवता येण्याजोगं कारण सापडलं तर शक्यता वाढते. एमआरआयमध्ये गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन स्नायूतले व्रण पाहतात. जिथे व्रण पडला, तो स्नायू परत येत नाही. जिथे नाही, तिथे आशा असते. औषधं पुऱ्या मात्रेत किमान तीन महिने घेऊनही पंपिंग ३५ च्या वर गेलं नाही, तर जीवघेणी लय थांबवणारं यंत्र छातीत बसवण्याचा विचार होतो. त्याहून वाईट स्थितीत कृत्रिम पंप किंवा प्रत्यारोपण.

पंपिंग ५१ झालं की रुग्ण दोन प्रश्न विचारतात. पहिला, ‘आता थोडी घेतली तर चालेल?’ बार्सिलोनामध्ये दारूमुळे हृदय फुगलेल्या ५५ पुरुषांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. दारू पूर्ण सोडलेल्यांचं हृदय सुधारलं. बरीच कमी केलेल्यांचंही जवळपास तेवढंच सुधारलं आणि पूर्वीसारखी पीत राहिलेल्यांचं खालावत गेलं. तरीही डॉक्टर पूर्ण बंद करायलाच सांगतात, कारण रोज हाफ घेणारा माणूस एका पेगवर वर्षानुवर्षं थांबेल, असं सहसा घडत नाही.

दुसरा प्रश्न गोळ्यांचा. श्वास मोकळा आहे, रिपोर्ट चांगला आहे, मग रोज मूठभर गोळ्या कशाला? याचं उत्तर शोधायला लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ५१ जणांची चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. हे सगळे पूर्ण सावरलेले होते. त्रास काही नाही, पंपिंग ५० च्या वर, कप्प्याचा आकार आणि हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी नॉर्मल. त्यांतल्या निम्म्यांची औषधं हळूहळू कमी करत बंद केली, उरलेल्यांची चालू ठेवली. सहा महिन्यांत औषधं बंद केलेल्यांपैकी ४४ टक्क्यांचा आजार परतला. चालू ठेवलेल्यांत एकाचाही नाही. सुदैवाने कुणी दगावलं नाही आणि औषधं पुन्हा सुरू केल्यावर बहुतेकांचं हृदय परत सावरलं. कोणाचा आजार परतेल, हे आधी ओळखायची भरवशाची खूण मात्र आजही हाती नाही. म्हणून सावरलेल्या हृदयाला डॉक्टर बरं झालेलं म्हणत नाहीत. आजार आटोक्यात आहे असं म्हणतात, गोळ्या चालू ठेवतात आणि ठरावीक काळाने इको करत राहतात. बाळंतपण, नाडीची बिघडलेली लय, ब१ ची कमतरता अशा नेमक्या कारणांनी झालेल्या आजारात औषधं कमी करण्याचा विचार होऊ शकतो, पण तोही टप्प्याटप्प्याने आणि इकोवर नजर ठेवून.

या सगळ्यात घरच्यांची तपासणी मागे पडते. डायलेटेड कार्डिओमायोपथीचं निदान झालं आणि कारण पक्कं कळलं नसलं, किंवा दारूसारखं कारण कळूनही घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असलं, तर रुग्णाचे आईवडील, भावंडं आणि मुलं यांचा ईसीजी आणि टू-डी इको करून घ्यावा. त्यांच्यातल्या काहींचं हृदय त्रास सुरू होण्याआधीच फुगू लागलेलं असतं आणि त्या टप्प्यावर औषधांना सर्वांत चांगला प्रतिसाद मिळतो. पहिला इको नॉर्मल आला तरी दर काही वर्षांनी तो पुन्हा करावा लागतो, कारण तुटलेल्या टायटिनचा परिणाम विशीत दिसेल की पन्नाशीत, हे आधी सांगता येत नाही.